गॅस बंद, तरी पाणी खदखदतंय

> कुकरमध्ये पाणी १०० अंशांच्या वर जातं, ते कसं काय?

यावरून होस्टेलवर माझं आणि रूममेटचं भांडण झालं होतं. तो म्हणे, आच मोठी म्हणून. मग उघड्या पातेल्याखालची आच वाढवून पाहिली. पाणी लवकर आटलं, पण तापमापी १०० लाच अडकलेली.

उकळताना पाण्याच्या आत वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि बाहेरचा दाब त्यांना चिरडू पाहतो. कुकरमध्ये कोंडलेली वाफ हा दाब जवळपास दुप्पट करते, म्हणून बुडबुडे टिकायला साधारण १२० अंश लागतात. त्यापुढे वाफ शिट्टीचं वजनच उचलते, दाब वाढत नाही.

गॅस बंद करून त्याने चिमट्याने शिट्टी जराशी उचलली (तुम्ही करू नका, भाजतं!). दाब उतरला आणि आत पाणी पुन्हा खदखदू लागलं. तेव्हा कुठे स्वारी गप्प झाली.