परीक्षा संपल्यावरही प्रश्नांची चर्चा नको, हा नियम तुम्हाला पटतो का?

राजारामपुरीचा पालक
मुलगा आठवीत आहे. शाळेच्या तिन्ही शाखांची मिळून शिष्यवृत्ती चाचणी रविवारी घरून ऑनलाइन आहे, निम्मी मुलं सकाळी आणि निम्मी दुपारी. ४० प्रश्न, ७० मिनिटं. मुख्याध्यापिकांचं परिपत्रक आलंय. कॅमेरा चालू ठेवायचा, खोली फिरवून दाखवायची, फोन बाजूला असा उभा करायचा की हात आणि लॅपटॉपचा पडदा दिसेल. कच्चा कागद आधी दोन्ही बाजूंनी दाखवायचा आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर फाडायचा. इथवर ठीक. पण पेपर दिल्यानंतरही प्रश्नाचा फोटो नको, ग्रुपवर चर्चा नको, नाहीतर गुण रद्द. कारण दिलंय, ‘हा नियम प्रामाणिक मुलांच्या गुणांचं रक्षण करतो.’ संपलेल्या पेपरचं कसलं रक्षण? मला तर हा मुलांवरचा अविश्वास वाटतो.

बावडेकर
शंभर टक्के अविश्वास. पेपर सुटला की शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून उत्तरं जुळवत आम्ही मोठे झालो. चूक कुठं झाली हे पोराला त्याच दिवशी कळतं, तेव्हाच ते पक्कं डोक्यात बसतं. ते तोडून शाळा काय मिळवणार?

प्रश्नपेढीवाला
मी बरीच वर्षं प्रश्नपेढीचं काम केलं आहे, म्हणून सांगतो. परिपत्रकातला सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच आहे आणि मॅडमनी नेमका तोच एका ओळीत उरकलाय.

सकाळचा आणि दुपारचा पेपर सारखा नसतो. समजा ४० पैकी ३० प्रश्न वेगळे आहेत आणि १० दोन्हीकडे तेच. त्या दहांना आम्ही अँकर म्हणायचो. कुठले दहा, हे मुलांना माहीत नसतं. दोन पेपरांपैकी अवघड कुठला होता, हे त्या दहांवरून काढतात.

आता हिशेब बघा. दहा सामाईक प्रश्नांत सकाळच्या मुलांची सरासरी ६ आणि दुपारच्यांचीही ६. म्हणजे दोन्ही गट सारखेच हुशार. उरलेल्या ३० मध्ये सकाळची सरासरी १८ आली, दुपारची १५. गट सारखे असून ३ गुण कमी पडले, म्हणजे दुपारचा पेपर तेवढा अवघड होता. म्हणून दुपारच्यांना ३ गुण भरून देतात. इथवर न्याय झाला.

आता सकाळच्या एका मुलानं बाहेर आल्याबरोबर आठवतील ते प्रश्न ग्रुपवर टाकले असं धरा. दुपारच्या मुलांनी ते वाचले आणि सामाईक प्रश्नांत त्यांची सरासरी ६ ऐवजी साडेसात झाली. हिशेबाला वाटतं, हा गटच जास्त हुशार आहे. दहात दीड जास्त, तर तिसात ढोबळमानानं साडेचार जास्त हवेत. म्हणजे १८ च्या जागी साडेबावीस यायला हवे होते आणि आले १५. मग पेपर साडेसात गुणांनी अवघड ठरतो आणि दुपारच्या सगळ्यांना ३ ऐवजी साडेसात मिळतात. ग्रुप न बघितलेल्या दुपारच्या मुलालाही मिळतात. सकाळी प्रामाणिकपणे बसलेलं प्रत्येक पोर मात्र साडेचार गुणांनी मागं पडतं. त्याला ते कधी कळतही नाही.

शाहूपुरी_सचिन
पण सर, एमएचटी-सीईटीला शिफ्टनुसार पर्सेंटाइल काढतात. प्रत्येक शिफ्टमधला पहिला तो पहिला. मग पेपर अवघड-सोपा हा प्रश्नच राहत नाही आणि सामाईक प्रश्नही लागत नाहीत. शाळेनं तसंच करावं.

प्रश्नपेढीवाला
अर्धं बरोबर आहे तुमचं. पर्सेंटाइलला सामाईक प्रश्न लागत नाहीत. पण त्यात असं धरलेलं असतं की प्रत्येक शिफ्टमध्ये सरासरीनं सारखीच मुलं बसली. हजारो मुलं वाटेल तशी वाटली की ते जमून जातं. इथं एक शाखा सकाळी आणि दुसऱ्या दोन दुपारी बसवल्या, आणि एका शाखेचं गणितच पक्कं असलं, तर तिथला चांगला मुलगा नुसता चांगल्यांत बसला म्हणून खाली जाईल.

उचगावची आई
मला फोनबंदीचं पटतं. आमच्या शाळेतही फोन आणायचा नाही असा नियम केला, मुलगी वर्गात लक्ष देऊ लागली.

राजारामपुरीचा पालक
ताई, ते नाही हो. इथं फोन बंद करायचा नाहीये, उलट बाजूला उभा करून चालू ठेवायचा आहे.

उचगावची आई
अच्छा, मी वेगळंच समजलो. मग आमचं सांगतो. गेल्या वर्षी एका क्लासची अशीच चाचणी मुलीनं घरून दिली. टेबल गॅलरीच्या दाराला पाठ करून होतं. निकालाला तिच्या नावापुढं लाल खूण, ‘चेहरा दिसत नाही, १४ वेळा’. त्यात सासूबाई पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या, तीही एक खूण. कुणी काही विचारलं नाही, थेट बाद. पोरगी दोन दिवस जेवली नाही. आणि माणसं म्हणतात, नियम प्रामाणिक मुलांसाठी असतात.

प्रश्नपेढीवाला
ताई, हे चुकलंच त्यांचं. खूण म्हणजे गुन्हा नाही. ‘इथं रेकॉर्डिंग बघा’ एवढाच तिचा अर्थ. माणसानं ती मिनिटं बघितल्याशिवाय कुणाला बाद करायचं नसतं. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा पडतो आणि कॅमेऱ्याला सापडत नाही. पुढच्या वेळी टेबल फिरवून घ्या, उजेड चेहऱ्यावर पडू दे. कच्चं काम करताना मान खाली जाते, तेव्हाही खूण उमटते. म्हणून तर तो बाजूचा फोन. मान खाली गेली तेव्हा हात कागदावर होता हे त्यात दिसतं. तो पुरावा तुमच्या मुलीच्या बाजूचा आहे.

आणि कागद फाडण्याबद्दल. परदेशात पुढं शिकायला जाताना देतात ती जीआरई परीक्षा घरून देताना सुटा कागद चालतच नाही. पुसता येणारा छोटा फळा घ्यायचा आणि शेवटी पुसून दाखवायचा. कारण तेच, प्रश्न खोलीबाहेर जाऊ नयेत.

बावडेकर
हिशेब कळला, मान्य. पण फुटलं तर तुम्हाला कळतं कसं? पोरं फोनवर बोलली तर?

प्रश्नपेढीवाला
एकेक सामाईक प्रश्न वेगळा काढून बघतात. सकाळी दहात चौघांना आलेला प्रश्न दुपारी आठ जणांना आला आणि बाकीचे नऊ जागच्या जागी राहिले, तर तो फुटला असं धरून हिशेबातून काढतात. दीड मिनिट लागणारं गणित आठ सेकंदांत सुटलं, तरी संशय येतो. पण दहाच्या दहा फुटले तर सगळेच एकदम वर सरकतात. मग तुलना करायला काही उरत नाही आणि कळतही नाही.

गंगावेस
मुलांवर लक्ष ठेवायला माझा विरोध नाही, पण घरात कॅमेरा फिरवायला आहे. आमची एकच खोली आहे. वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांना मी कुठं हलवू? आणि ते रेकॉर्डिंग कोण बघणार, कधी पुसणार, याची परिपत्रकात ओळ नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती सांगितली आहे. ‘परिपत्रक वाचले’ म्हणून सही घेणं म्हणजे संमती नव्हे.

प्रश्नपेढीवाला
याला माझ्याकडं उत्तर नाही. अशा मुलांना शाळेच्या संगणक खोलीत बसवायला हवं, आणि ते शाळेनं आपणहून विचारायला हवं होतं.

राजारामपुरीचा पालक
दुपारची तुकडी संपेपर्यंत गप्प राहायचं, हे आता पटलं. मुलाला हाच साडेचार गुणांचा हिशेब कागदावर करून दाखवणार आहे. पण मॅडमनी ‘कधीही चर्चा नको’ लिहिलंय, ते मान्य नाही. मुलाला चुका कळायला नकोत का?

प्रश्नपेढीवाला
तेच दहा प्रश्न पुढच्या वर्षीही वापरायचे असतील तर त्या दहांपुरता ‘कधीही’ला अर्थ आहे. उरलेले ३० तरीही निकालानंतर उत्तरांसकट खुले करता येतात, आणि दहा पुन्हा वापरायचे नसतील तर सगळेच. कुठलं ते त्यांना विचारा.

बावडेकर
तिसांत चूक झाली तर कळणार, दहांत झाली तर नाही. म्हणजे माझा मुद्दा दहा प्रश्नांपुरता अजून उभा आहे.

राजारामपुरीचा पालक
उद्या शाळेत जाऊन तीन गोष्टी लेखी मागतो. संगणक खोलीत किती जागा आहेत, रेकॉर्डिंग कुठल्या तारखेला पुसणार, आणि खूण आली तर बाद करण्याआधी पालकाला बोलावणार का. गंगावेसकर, तुम्ही येणार असाल तर दहाला फाटकापाशी भेटू.