'अॅक्शन आयटम' अन् त्याचा 'ओनर', मराठीत काय लिहायचं?

दारव्हा_कास्तकार:
आमची शेतकरी उत्पादक कंपनी हाये, दर सोमवारी सकाळी गोदामातच बसतो आम्ही सातआठ जणं. प्रोसिडिंग मी लिहितो. मागच्या मिटिंगमधली राह्यलेली कामं अन् ती कोणाच्या अंगावर हायेत यासाठी सरळ शब्द पाह्यजे. इंग्रजी लिहिलं का म्हातारे संचालक हसते, 'कार्यवाही' लिहिलं तर एकानं इचारलं, कोणावर कारवाई करून राहिले बे?

आर्वीचे_काका:
कारवाई म्हणजे शिक्षेची, कार्यवाही म्हणजे काम पुढं नेणं. ग्रामपंचायतीत नोकरी झाली माझी, तिथं पहिलाच विषय राह्यचा 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. लोकांना वाटे कायम झालं म्हणजे काम झालं, पण कायम करणं म्हणजे लिहिलेलं बरोबर आहे येवढंच. झालं का नाही ते 'अनुपालन'मध्ये येते. तुमची मागची एखादी ओळ जशीच्या तशी टाका बरं इथं.

दारव्हा_कास्तकार:
घ्या. 'मॉइश्चर मीटर दुरुस्त करण्याबाबत चर्चा झाली. संबंधितांनी तातडीने कार्यवाही करावी असे ठरले.' पाच सोमवार हेच लिहून राहिलो. मीटर एकाच पोत्याले एकदा 11 अन् एकदा 14 दाखवते, अन् हमीभावाच्या सोयाबीनले 12 टक्क्याची अट, मंग काट्यावर रोज भांडण.

नागपूरचा_आयटीवाला:
सोपं आहे, सूचक लिहिताच ना ठरावाखाली? तोच ओनर. ज्यानं विषय काढला त्यानंच करायचं.

आर्वीचे_काका:
नाही जमत ते. मग पुढच्या सोमवारी कोणी विषयच काढणार नाही. सूचकानं फक्त मांडलं. पण एक गोष्ट तुमची बरोबर, नाव पाहिजेच. आता भाऊ तुमची ओळ पाहा, 'चर्चा झाली', 'करावी', 'ठरले', त्यात करणारा माणूसच नाही. संबंधित म्हणजे कोण, तर खोलीतला प्रत्येक जण दुसऱ्याकडं पाह्यते. आपली दफ्तरी मराठीच अशी, 'करण्यात यावे' लिहिलं का कर्ता गायब. शब्द नंतर शोधा, आधी वाक्याला कर्ता द्या.

दारव्हा_कास्तकार:
म्हणजे कसं लिहू?

आर्वीचे_काका:
'गोदामवाले भाऊ मीटर यवतमाळच्या दुरुस्तीवाल्याकडं नेऊन देतील अन् गुरुवारपर्यंत पावती फायलीला लावतील.' एकच नाव, एक तारीख, अन् झालं हे कशावरून कळेल ते. दोघांची नावं टाकू नका, दोन घरचा पाहुणा उपाशी. नाव तो माणूस समोर असताना, त्याच्या तोंडून हो आल्यावरच लिहा, गैरहजर माणसाच्या माथी मारलेलं काम पुढच्या सोमवारी 'मले कोणी सांगतलंच नाही' म्हणून वापस येते. तो काम पोराकडून करून घेईल, घेऊ द्या, पण सोमवारी जबाब त्यानंच द्यायचा.

राळेगावची_ताई:
आमच्या बचतगटाची पण दर आठवड्याले बैठक राह्यते, पण आमच्याकडं हजेरीचीच बोंब हाये, दंड किती ठेवावा 10 रुपये का 20?

दारव्हा_कास्तकार:
ताई, ते वेगळं झालं बाप्पा. शब्द सांगा ना एखादा, आम्ही 'कामाचा धनी' म्हणावं म्हणतो.

राळेगावची_ताई:
😄 आमच्या गटात 'या कामाचा धनी कोण' इचारलं तर बाया आपल्या नवऱ्याचं नाव सांगतीन. आम्ही म्हणतो 'जिम्मा कोणाचा'.

नागपूरचा_आयटीवाला:
जिम्मा हिंदी झालं. 'जबाबदार' लिहा.

आर्वीचे_काका:
जिम्मा अन् जबाबदार दोन्ही फारसीच्या वाटेनंच आले, भांडू नका. पण जबाबदारला आरोपाचा वास आहे, 'अपघाताला जबाबदार कोण' असं ऐकायची सवय. माझं मत जिम्म्याकडं.

दारव्हा_कास्तकार (दोन महिन्यांनी):
कळवून राहिलो. आता सोमवारी नवा विषय काढायच्या आधी राह्यलेली कामं, सगळ्यात जुनं पह्यले. उत्तर तीनच, झालं, नाही झालं तर नवी तारीख, नाहीतर रद्द. 'होऊन राहिलं' हे उत्तर बंद केलं, त्यावर एक संचालक रुसले. जुनी तारीख खोडत नाही, बाजूले नवी लिहितो, म्हणून कोणतं काम कितींदा सरकलं ते दिसते. बारदान्याचं काम तीनदा सरकलं तेव्हा समजलं का त्यात दोन कामं हायेत, व्यापाऱ्याचा भाव आणणं अन् पैशाची मंजुरी, अन् मंजुरी त्या पोराच्या हातातच नव्हती. तोडून दोघांले दिली. मीटर आलं, पावती फायलीत हाये.

नागपूरचा_आयटीवाला:
अन् शब्द कोणता ठरला?

दारव्हा_कास्तकार:
वहीत रकाना 'जिम्मा' हाये, बोलतानी सगळे 'कोणाच्या नावावर' म्हणते. अॅक्शन आयटमले मात्र 'बाकी' म्हणतो, पण अकाउंटंट म्हणते त्याच्या बाकीत अन् याच्यात घोळ होते. कोणाले दुसरा सुचते का?

आर्वीचे_काका:
'राहिलेलं' लिहा ना.

राळेगावची_ताई:
अन् माह्या दंडाचं?