एलएम सपाट असला की सरकारी खर्चाचा परिणाम जास्त का?

> "व्याजदराला पैशाची मागणी जास्त संवेदनशील असेल तर एलएम सपाट होतो की उभा? मी नेहमी उलटं लिहितो."

सपाट. एलएम म्हणजे पैशाची मागणी आणि पुरवठा जुळतात अशा उत्पन्न-व्याजदर जोड्यांची रेषा: M/P = kY − hr, जिथे M/P हा खरा पैसापुरवठा, Y उत्पन्न, r व्याजदर, आणि k व h म्हणजे पैशाची मागणी उत्पन्नाला आणि दराला किती संवेदनशील आहे ते. तिचा उतार k/h, म्हणजे h खाली छेदात आहे, गोंधळ तिथेच होतो. उत्पन्न वाढलं की व्यवहारासाठी पैसा जास्त लागतो, पण पुरवठा तेवढाच, मग दर इतका चढावा लागतो की लोक हातातला पैसा कमी करतील, आणि h मोठा असेल तर थोडासा चढही पुरतो.

आकडे घालून बघा. k = 0.5, गुणक 2 म्हणजे दर तोच राहिला तर खर्चाच्या दुप्पट उत्पन्न वाढतं, आणि दर 1 टक्क्याने वाढला की गुणकासकट उत्पन्न 20 ने घटतं असं धरा. सरकारने खर्च 100 ने वाढवला. h = 10 असेल तर दर 5 टक्क्यांनी चढतो आणि उत्पन्न 200 ऐवजी 100 नेच वाढतं, बाकीचं खासगी गुंतवणूक आटल्यामुळे गेलं. h = 90 असेल तर दर फक्त 1 ने चढतो, उत्पन्न 180 ने वाढतं.

आता खर्च तोच ठेवून M/P 50 ने वाढवा, चित्र उलटं होतं: h = 10 ला उत्पन्न 50 ने वाढतं, h = 90 ला जेमतेम 10, कारण लोक जादा पैसा तसाच धरून ठेवतात आणि दर हलतच नाही फारसा. परीक्षेत मला तरी हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.