म्हशीचं वजन टेपने काढायचंय: कोणती टेप घ्यावी, आणि भरवसा किती ठेवावा?

जोगेश्वरी_तबेला
आमच्या तबेल्यात एक मुऱ्हा म्हैस आटलीय, गाभणही नाही. जंताचं औषध द्यायचंय तर डॉक्टर फोनवर विचारतात, वजन किती? आणि व्यापारी किलोवर भाव बोलतोय, तो नजरेने ४५० सांगतो. छातीच्या घेरावरून वजन दाखवणारी टेप मिळते म्हणे. कोणती घेऊ?

भाईंदरचा_बाबू
शिंप्याची टेप पुरते, दादा. आणि औषध नेहमी थोडं कमीच द्यायचं. जास्त झालं तर त्रास, कमी झालं तर काय बिघडतंय?

परळ_पशुवैद्य
बाबूभाऊ, टेपचं पटतं, फक्त कापडी जुनी नको, ती ताणली जाते. औषधाचं मात्र उलटं आहे. कमी मात्रेत मरायचे ते जंत मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. मग तेच औषध पुढे लागू पडत नाही.

जोगेश्वरीकर, बाजारातल्या टेपवर एका बाजूला किलो छापलेले असतात. ते बहुतेक विदेशी गाईंच्या हिशोबाने. म्हशीसाठी ती बाजू विसरा, सेंटिमीटर वाचा. घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, कोपराजवळून घ्यायचा. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बाजूच्या बैठकीच्या हाडापर्यंत, सरळ रेषेत. मग घेर × घेर × लांबी ÷ १०८४०, उत्तर किलोत.

तबेल्याची फरशी गटाराकडे उतरती असते, तिथे मापू नका. म्हैस बाहेर सपाटीवर आणा, पुढचे पाय समान, मान खाली नको. अंगावरचा वाळलेला चिखल आधी धुवा. टेप अंगाला लागेल इतकीच ओढा, कातडीला वळी पडली की सैल करा. तीनदा मापून मधला आकडा धरा.

दहिसरची_गीर
माझ्या गीर गाईचं वजन या रीतीने भलतंच जास्त येतं. डॉक्टर, हे सूत्रच चुकीचं नाही ना?

परळ_पशुवैद्य
टेप वशिंडावरून जात असणार, ताई. वशिंडाच्या मागून घ्या. म्हशीला वशिंडच नसतं, त्यामुळे धाग्यातला प्रश्न त्यातून सुटला.

मुंब्रा_बकरेवाले
हेच सूत्र बकऱ्याला चालेल का? ईदला देवनारला उपयोग होईल.

जोगेश्वरी_तबेला
भाई, बकऱ्याचा वेगळा धागा काढा ना. डॉक्टरसाहेब, मापलं. घेर १९३, लांबी १४७. म्हणजे ५०५ किलो?

परळ_पशुवैद्य
हिशोब बरोबर. आता हा आकडा दोन कामांना वेगवेगळा तोलून पाहा. फेनबेंडाझोल किलोला ५ मिलिग्रॅम धरलं तर तुमच्या म्हशीला अडीच ग्रॅमच्या जरा वर लागेल. दीड ग्रॅमची एक गोळी ३०० किलोला पुरते, म्हणून दोन. दोन गोळ्या ६०० किलोपर्यंत पुरतात, म्हणजे माप तीस किलोने चुकलं तरी औषध कमी पडत नाही. सगळी औषधं इतकी सोशिक नसतात. लेव्हामिसोलसारख्यात जादा मात्रा अंगाशी येते, तिथे असं सढळ हाताने देऊ नका.

पण घेर १९३ ऐवजी १९८ वाचला असता तर वजन थेट ५३२ आलं असतं. पाच सेंटिमीटरला २७ किलो! घेराचा वर्ग होतो, म्हणून चूकही दुपटीने चढते. वर सूत्राची स्वतःची चूक आहेच, कारण ते पोट किती भरलंय हे पाहतच नाही. व्यापारी म्हणेल, उपाशीपोटी मोजा. तुम्ही म्हणाल, पाणी पाजून. भाव किलोवर ठरत असेल तर टेपचा उपयोग एवढाच, की समोरचा किती खाली बोलतोय ते कळतं.

आणि विकायचीच असेल तर औषधाची घाई का? मांसासाठी थांबायचे दिवस वेष्टनावर छापलेले असतात. तेवढे दिवस म्हैस विकता येणार नाही.

भाईंदरचा_बाबू
ट्रकचा काटा आहे की! टेम्पो म्हशीसकट मोजा, मग रिकामा मोजा. आम्ही तसंच करतो.

परळ_पशुवैद्य
हे मात्र पक्कं. फक्त ड्रायव्हर दोन्ही वेळी आत किंवा दोन्ही वेळी बाहेर, आणि काटा पाच किलोने सरकतो की वीसने ते आधी विचारा.

जोगेश्वरी_तबेला
औषध तूर्त थांबवतो. काट्याला व्यापारी तयार आहे, पण म्हणतो सकाळी चारा-पाण्याआधी. मी म्हणतो दुपारी. काट्याचे पैसे कोणी द्यायचे यावरही अडलंय. तुमच्याकडे कसं ठरतं?

भाईंदरचा_बाबू
काट्याचे पैसे घेणाऱ्याचे. वेळेवरून मात्र आमच्याकडेही दरवेळी भांडण.