प्रतिसाद: टोफू कालवणात फुटतो

>> लिंबू पिळून केलेला टोफू कालवणात टाकला की भुगा होतो, काय घालू?

लिंबाच्या आंबटपणाने दूध पटकन फाटतं आणि कण बारीक, ठिसूळ राहतात, भुर्जीला ते चालतं पण नारळाच्या रसात उकळायचं तर मॅग्नेशियमचं मीठ घ्या, म्हणजे खाण्याच्या दर्जाचं एप्सम सॉल्ट नाहीतर निगारी. आपल्या मिठागरात मीठ काढल्यावर जे कडू पाणी उरतं ना, निगारी त्यातलीच, पण ते पाणी तसंच आणून वापरू नका, त्यात काय काय असतं सांगता येत नाही.

मी पाव किलो सोयाबीनचं दोनेक लिटर दूध काढते, दहा मिनिटं चांगलं उकळून गॅस बंद, जरा निवलं की दोन चमचे एप्सम कपभर पाण्यात विरघळवून तीन वेळा थोडं थोडं घालायचं आणि अगदी हळू एकदाच ढवळायचं, जोरात ढवळलंत तर परत भुगाच. पंधरा मिनिटांनी पाणी पिवळसर नितळ दिसलं की झालं, दुधाळ असेल तर अजून थोडं घाला. मग पंचात बांधून वर वरवंटा, अर्धा तास.

मऊ लुसलुशीत हवा असेल तरच जिप्सम, तोही खाण्याचाच, मूर्तीवाल्यांचं प्लास्टर नको.