कोलायटिस, दहावीचा पेपर आणि ते पत्र

निवृत्त सुपरवायझर, म्हापसा
एका पालकाने मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र फिरतंय. मुलीला कोलायटिस, म्हणून परीक्षेत हवं तेव्हा शौचालयाला सोडा आणि गेलेला वेळ भरून द्या. पोट बिघडलं तर गोळी घ्यावी, सकाळी हलकं खावं. आज हिला दिलं की उद्या अख्खा वर्ग सर्टिफिकेट घेऊन उभा राहील. नियम सगळ्यांना एकच हवा.

फोंड्याची आई
सर, तुमचं वाचल्यापासून धुमसतेय, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मुलाला आठवीत अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. याला पोट बिघडणं म्हणत नाहीत. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं, त्यावर व्रण पडतात, आणि सुरुवात बहुतेक गुदाशयापासूनच होते. तुमचाआमचा गुदाशय ताणला जातो, साठवून धरतो. सुजलेला ताणलाच जात नाही. चमचाभर रक्त-आव उतरली तरी कळ येते आणि त्यानंतर हातात मोजकी मिनिटं उरतात. उपाशी पाठवूनही भागत नाही, कारण बाहेर पडतं ते सकाळचं खाणं नसतं. जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटतं, मूल कुंथत बसतं आणि काहीच होत नाही.

वरून यातलं काही दिसत नाही. स्टेरॉइडने माझ्या मुलाचा चेहरा गोल झाला होता. टीचर म्हणाल्या, "तब्येत छान सुधारलीय!"

नववीच्या वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपराला त्याला भिंतीकडचा बाक मिळाला. कळ आली, त्याने हात वर केला. सुपरवायझर दुसऱ्याला पुरवणी देत होत्या. मग "आत्ताच गेला होतास ना?" झालं. मग प्यूनला हाक, आणि प्यून चावी आणायला ऑफिसात गेला. शौचालयाला कुलूप होतं. दाराशी पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. वर्गातली मुलं व्हरांड्यातून बघत होती. त्यानंतर शाळेच्या दिवशी तो सकाळी पाणीही पिईना. नियम एकच हवा म्हणता, तर त्या दिवशी इतर सगळ्यांनी पेपर लिहिला आणि माझ्या मुलाने नाही, हे एकसारखं कसं झालं ते सांगा.

गणेश, डिचोली
ताई, वाईट वाटलं. पण मलाही कोलायटिस होता. ऑफिसला निघायच्या वेळीच पोटात मुरडा यायचा, जाऊन आलं की एकदम बरं. पदेराचे पाव बंद केले, रोज ताकभात आणि कोकमाचं सार, सहा महिन्यांत खडखडीत. परीक्षेला जाताना जुलाब थांबवायची गोळी द्या, तीन तास निभावतील.

वॉर्डातली सिस्टर
गणेशभाऊ, तुमचं ऐकून तो कोलायटिस वाटत नाही, चिडखोर आतडं वाटतं. डॉक्टरही बोलताना दोन्हींना कोलायटिसच म्हणतात, त्यातून हा घोळ होतो. मुरडा आला, जाऊन आल्यावर बरं वाटलं, रक्त नाही, वजन घटलं नाही, तर आतड्याला बहुधा सूज नसते. रक्त पडत असेल, रात्री झोपेतून उठून पळावं लागत असेल, शौचाच्या तपासणीत सूज दाखवणारं कॅलप्रोटेक्टिन चढलेलं असेल, तर मामला वेगळा. ताकभाताने कोणाला आराम पडेल, पण व्रण त्याने भरत नाहीत. त्यासाठी मेसालामाइन, गरज पडली तर स्टेरॉइड किंवा त्याहून मोठी औषधं लागतात.

आणि ती गोळी सांगू नका. लोपेरामाइडसारखी औषधं सूज जोरात असताना आपल्या मनाने दिली तर आतडं फुगून जिवावर बेतू शकतं. तज्ज्ञ कधी कधी देतात, पण आजार शांत आहे ना हे बघून.

गणेश, डिचोली
माझ्या रिपोर्टावर कोलायटिसच लिहिलंय. पण रक्त कधी नव्हतं, हे खरं. गोळीचं मागे घेतो.

निवृत्त सुपरवायझर, म्हापसा
आजार मी नाकारत नाही. पण तुम्ही कोणी परीक्षा केंद्र सांभाळलंय? फ्लशच्या टाकीत प्लास्टिकच्या पिशवीत गाइडची पानं ठेवलेली मी स्वतःच्या हाताने काढली आहेत. खिडकीच्या पत्र्यामागे मोबाइल सापडलाय. पोर सुटलं, बदनामी आमची झाली. वर्गात एक सुपरवायझर, त्याने तीस मुलं बघायची की एकीबरोबर व्हरांड्यात जायचं? पालकांना लिहायला काय जातं!

टीचर, साखळी
कॉपीचं कारण सांगून शौचालयांना कुलपं लावली आणि ती मग कधी उघडलीच नाहीत, ही आमच्याकडची खरी रड आहे. मी मुलींच्या शाळेत शिकवते. दहावीच्या निम्म्या मुली परीक्षेच्या दिवशी पाणी पीत नाहीत. पाळी आली असेल तर दोन दोन पॅड लावून बसतात आणि उठताना मागचीला विचारतात, डाग पडलाय का बघ गो. कोलायटिसवाली एक असेल, या रोजच्या आहेत.

पेडणेकर
अगदी. उघडं असलं तरी नळाला पाणी नसतं. केंद्र दुसऱ्या शाळेत असलं की कुठल्या दाराने जायचं हेही मुलींना माहीत नसतं. माझ्या बहिणीला लघवीचा जंतुसंसर्ग झाला, ताप चढला, पेपर दिला तो तसाच. वर "घरून जाऊन यायचं ना!" हे ऐकवलं.

निवृत्त सुपरवायझर, म्हापसा
नळाला पाणी नसतं त्याला सुपरवायझर काय करणार? ती तक्रार मॅनेजमेंटकडे न्या.

टीचर, साखळी
नेली, सर. मॅनेजमेंट म्हणते पालक-शिक्षक संघ बघेल, संघ म्हणतो ग्रँट आली नाही. नळाला पाणी नसेल तर परीक्षेच्या सकाळी प्यून दोन बादल्या भरून ठेवू शकतो. एवढंही ज्यांनी कधी सांगितलं नाही त्यांनी शिस्तीवर बोलू नये.

निवृत्त सुपरवायझर, म्हापसा
बाई, माझी अख्खी नोकरी शाळेत गेली. मला शिस्त शिकवू नका.

फोंड्याची आई
भांडा, पण पत्राचा विषय बुडवू नका. मुलींचं टीचर म्हणतात ते शंभर टक्के खरं, मात्र त्यात हे मिसळलं की मुख्याध्यापक म्हणणार "सगळ्यांचंच बघू" आणि कोणाचंच होणार नाही.

वकील, पणजी
कायद्यापुरतं बोलतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, त्यात कोलायटिस नाही. म्हणून शाळा सरळ "प्रमाणपत्र आणा" म्हणते आणि ते मिळत नाही. पण दिव्यांग व्यक्तीची त्या कायद्यातली व्याख्या दीर्घकालीन व्यंगाबद्दल बोलते, आणि सतराव्या कलमात परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करायला सांगितलं आहे. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट न लावता लेखनिक द्यायला लावला. हा निकाल कोलायटिसवर नाही, पण पत्रात वापरण्याजोगा आहे. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप वन मधुमेहाच्या मुलांना हॉलमध्ये खाणं न्यायला परवानगी दिली, तेव्हाही "सगळेच डबे आणतील" ही भीती होतीच.

बोर्डाचा जादा वेळ मात्र एवढ्यावर हमखास मिळेल असं मी लिहून देणार नाही.

फोंड्याची आई
तेच सांगायचंय. शौचालयाला जाऊ देणं आणि वेळ भरून देणं, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. फिरणाऱ्या त्या पत्रात दोन्ही एकाच वाक्यात आहेत, म्हणून मुख्याध्यापक दोन्ही मिळून बोर्डाकडे ढकलतील आणि पर्वरीहून उत्तर येईपर्यंत पेपर संपलेले असतील. पहिली गोष्ट शाळा स्वतःच्या परीक्षेत आजपासून देऊ शकते. आमच्या दुसऱ्या पत्राचा मधला भाग देते:

"माझ्या मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. कळ आल्यावर तो काही मिनिटांहून जास्त धरू शकत नाही, असं तज्ज्ञांनी सोबतच्या दाखल्यात लिहिलं आहे. म्हणून विनंती: त्याला दाराजवळचा बाक द्यावा. जाताना त्याने टेबलावर कार्ड ठेवावं आणि उत्तराची वाट न पाहता निघावं. पहिल्या अर्ध्या तासात बाहेर न सोडण्याचा नियम त्याला लावू नये. जवळचं एक शौचालय ठरवून पेपराआधी तपासावं आणि उघडं ठेवावं. कर्मचारी दाराबाहेर थांबावा, आत येऊ नये. प्रश्नपत्रिका व उत्तरपत्रिका बाकावरच राहील. निघाल्याची आणि परतल्याची वेळ कागदावर लिहून त्यावर सही व्हावी. कपड्यांचा जोड व टिश्यू असलेली पिशवी तपासून ऑफिसात ठेवावी. ही सूचना प्रत्येक पेपराच्या सुपरवायझरला लेखी द्यावी."

जादा वेळेचं पत्र वेगळं, बोर्डाच्या नावे, मुख्याध्यापकांमार्फत. पहिल्या दाखल्यावर "कोलायटिसचा रुग्ण आहे" एवढंच होतं, त्यावर हेडमास्तर म्हणाले, "मग?" डॉक्टरांकडून किती वेळा जावं लागतं, किती धरवतं, हे लिहून घेतल्यावर कुठे ते बसून बोलले.

दहावीच्या प्रिलिमला विज्ञानाच्या पेपरात कागदावर अशी नोंद आली: १०.३० ते १०.३८, ११.१० ते ११.१६, ११.५२ ते १२.०१. एकूण २३ मिनिटं गेली. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले, आणि ते त्याला येत होते.

निवृत्त सुपरवायझर, म्हापसा
कर्मचारी बाहेर, शौचालय आधी तपासलेलं, पेपर बाकावर आणि वेळेवर सही. हे सगळं असेल तर सोडायला माझी हरकत नाही. वर्गातल्या सुपरवायझरला हलावं लागत नाही, ही गोष्ट मला पटली. पण केंद्रावर तो जादा माणूस कोण देणार?

आणि २३ मिनिटं भरून द्यायला अजूनही विरोध आहे. आत बसून विचार करायला वेळ मिळतोच की.

फोंड्याची आई
त्या कळा येत असताना कोणी त्रिज्या-व्यास आठवत नाही, सर.

वॉर्डातली सिस्टर
फ्लेअर म्हणजे आजार बळावणं, तो परीक्षेची तारीख बघून येत नाही, हे बोर्डाच्या पत्रात घाला. फेब्रुवारीत मूल ठणठणीत असेल आणि मार्चमध्ये दिवसातून आठ वेळा जात असेल. परवानगी आजार शांत असतानाच मागून ठेवायची, लागली नाही तर वापरायची नाही. दाखल्यातही "अधूनमधून बळावतो" हे शब्द असू देत, नाहीतर बरा असतानाचा एखादा रिपोर्ट बघून नाकारतील.

टीचर, साखळी
आमच्या हेडमिस्ट्रेसना हे पत्र दाखवते. जादा माणसाचं म्हणाल तर लॅब असिस्टंट असतोच. आणि एक शौचालय उघडं राहणार असेल तर मुलींचंही उघडं ठेवा म्हणून मी त्याच बैठकीत मांडणार, कोणाला आवडो न आवडो.

फोंड्याची आई
मांडा, फक्त अर्ज वेगळा करा. आमचं बोर्डाचं पत्र प्रिलिमच्या नोंदींसकट गेलंय, उत्तर आलेलं नाही. केंद्र दुसऱ्या शाळेत आहे, म्हणून शौचालयाच्या पत्राची प्रत तिथल्या केंद्रप्रमुखांकडेही दिली आणि पोच घेतली. पुढच्या आठवड्यात मुलाला नेऊन दाराजवळचा बाक ते शौचालय हे अंतर चालून बघणार आहोत.