अनुभव धागा: करबचतीसाठी पैसे कुठे अडकवलेत, आणि सुटताना हातात काय आलं?

मावशी_कोथरूड
भाचीला पुण्यात पहिली नोकरी लागली आहे, वर्षाला नऊ लाख. एचआरने गुंतवणुकीचे पुरावे मागितलेत आणि घरात तीन मतं आहेत: तिच्या बाबांचं पीपीएफ, दादाचं ईएलएसएस, ओळखीच्या एजंटकाकांची पॉलिसी. पैसे किती वर्षं अडकले आणि सुटताना कर किती गेला, एवढंच सांगा. ‘आमच्या वेळी’ नको.

हिशेबनीस
आधी ती कोणत्या करपद्धतीत आहे ते विचारा. २०२५-२६ चा हिशेब करू. नव्या पद्धतीत नऊ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की सव्वाआठ लाख उरतात. बारा लाखांपर्यंत पूर्ण सूट असल्याने कर शून्य. जुन्या पद्धतीत ५० हजार आणि ८०सीचे पूर्ण दीड लाख वजा केले तरी सात लाख राहतात आणि सेससकट ५४,६०० रुपये कर बसतो. घरभाड्याची वजावट धरली तरी एवढी दरी सहसा भरून निघत नाही.

म्हणजे नवी पद्धतच परवडते, आणि तिच्यात ८०सीची वजावट तिला मिळणारच नाही. मग पाच वर्षांची टॅक्स सेव्हर एफडी कशाला? मोडता येत नाही, त्यावर कर्जही मिळत नाही. ईएलएसएसचं तेच. त्याच पैशात बिनकुलपाचा इक्विटी फंड मिळतो. पीपीएफ मात्र वजावटीशिवायही टिकतं, कारण सुटताना त्यावर कर नाही.

सोमवारपेठी
पण नव्या पद्धतीत पीपीएफच्या व्याजावर कर लागतो ना? ऑफिसात सगळे तसंच म्हणतात.
ईएलएसएसचा माझा अनुभव: एप्रिल २०२२ पासून वर्षभर एसआयपी केली. एप्रिल २०२५ मध्ये सगळे पैसे काढायला गेलो, तर फक्त पहिला हप्ता मोकळा. प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं वेगळी मोजतात, शेवटचा मार्च २०२६ मध्ये सुटणार. कर मात्र पडला नाही.

हिशेबनीस
नाही, वजावट गेली, व्याज करमुक्तच आहे. आणि इक्विटीवरच्या दीर्घकालीन नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. तुमचा नफा त्याच्या आत असणार.

फोंडेकर
मी एफडीवाला. तेव्हा जुन्या पद्धतीत वीस टक्क्यांच्या टप्प्यात होतो, म्हणजे भरताना कर वाचला. पण व्याज दरवर्षी उत्पन्नात धरावं लागतं. सात टक्क्यांतून सेससकट कर गेला की हातात साडेपाचच्या आसपास. एका मित्राने १५जी भरून टीडीएस थांबवला आणि कर माफ झाला असं समजून बसला. दोन्ही गोष्टी वेगळ्या! शिवाय त्याचं उत्पन्न करपात्र होतं, त्याला तो फॉर्म भरताच येत नव्हता.

शारजाहून
पीपीएफ उघडायचं तर परदेशी जाण्याआधी. अनिवासी झाल्यावर नवं खातं उघडता येत नाही. माझं जुनं खातं मुदत संपेपर्यंत चालू आहे, पुढे वाढवता मात्र येणार नाही.

अंधेरीकर
गृहकर्जाच्या व्याजावरची वजावट बघा की! आमचे दोन लाख त्यातच सुटतात.

मावशी_कोथरूड
अहो, पोरगी पीजीमध्ये राहते.

बँकेतली_ताई
पीपीएफची १५ वर्षं म्हणजे जवळजवळ सोळा, हे काउंटरवर रोज सांगते. खातं ऑगस्ट २०२५ मध्ये उघडलं तर ते आर्थिक वर्ष संपल्यावर १५ मोजायची, खातं १ एप्रिल २०४१ ला सुटणार. मधे काही रक्कम काढता येते, तीही एप्रिल २०३१ पासून. व्याजदर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, पण सरकार तो दर तिमाहीला ठरवतं. म्हणून शेवटी किती मिळेल याचा छापील तक्ता कुणी दाखवला तर तो अंदाज समजा. आणि पैसे महिन्याच्या पाच तारखेपर्यंत भरायचे, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही.

पॉलिसीवर एकच प्रश्न विचारा: तिच्यावर अवलंबून कोण आहे? एंडोमेंटमधून हाती येणारा पैसा बहुधा करमुक्त असतो हे खरं, पण परतावा पाच-सहा टक्क्यांवर क्वचित जातो आणि लवकर बाहेर पडलं तर तोटा.

हिशेबनीस
एक राहिलं. पगारातून पीएफ कापला जात असेल तर ८.२५ टक्क्यांची गुंतवणूक तिची आधीच चालू आहे. नोकरी बदलताना तो काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर करपात्र ठरतो. पहिल्या नोकरीत पोरं हेच करतात.

मावशी_कोथरूड
म्हणजे यंदा पुरावे द्यायचेच नाहीत! हे तिच्या बाबांना पटवायचंय. पण पगार वाढून पावणेतेरा लाखांच्या वर गेला, तर जुनी पद्धत परवडेल का?

सोमवारपेठी
माझा यंदा तोच प्रश्न आहे. घरभाडं मोठं आहे माझं. हिशेबनीस, आकडे टाकू का इथे?